डोक्यावर घेतलेला घास आणि कुणाची तरी धावपळ

माझी मुलगी तोक्योतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत जाते. पहिलीत असताना पालकांना दुपारचं जेवण बघायला बोलावलं होतं. घंटा झाली आणि वर्गातल्या सहा-सात मुलांनी पांढरे डगले, टोप्या आणि मास्क चढवले. हे त्या आठवड्याचे 'तोबान', म्हणजे पाळी असलेली मुलं. त्यांनी बाहेरून भाताचं आणि सूपचं भांडं असलेली गाडी ढकलत आणली आणि वाढायला घेतलं. बाकीची मुलं ताट घेऊन रांगेत उभी राहिली, आपापल्या जागी जाऊन बसली, आणि मग थांबली. समोर गरम भात, शेजारी दुधाचा पुठ्ठ्याचा डबा, पण कुणीही हात लावला नाही. सगळ्यांचं वाढून झाल्यावर दोन मुलं फळ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ते ओ आवासेते कुदासाई." हात जोडा. तीस जोडी हात जुळले आणि एका सुरात शब्द आला, "इतादाकिमास!" मग चमचे वाजायला लागले.

जेवण संपल्यावर पुन्हा तसंच. पुन्हा हात जुळले, या वेळी शब्द होता "गोचिसोसामा देश्ता!"

लिहिताना पहिला शब्द 'इतादाकिमासु' असा लिहितात, पण शेवटचा उकार जवळजवळ ऐकू येत नाही. दुसऱ्यातलं 'देशिता'ही बोलताना 'देश्ता' होतं. हे दोन शब्द जपानी शिकवणीत अगदी सुरुवातीच्या धड्यांत येतात, आणि बहुतेक ठिकाणी अर्थ सांगतात तो असा: पहिला 'चला, जेवायला सुरुवात करू', दुसरा 'जेवण छान झालं'. अर्थ अगदी चुकीचा नाही, पण त्याने शब्दांचा गाभाच हातातून निसटतो. मला तो गाभा कळायला काही वर्षं लागली. कळला तेव्हा जाणवलं की मराठी माणसाला तो समजायला फार लांब जावं लागत नाही.

आधी इतादाकिमासु. याचं मूळ क्रियापद 'इतादाकु'. 'इतादाकि' म्हणजे शिखर, डोंगराचा माथा आणि माणसाचं टाळूही. त्यावरून इतादाकु म्हणजे एखादी वस्तू दोन्ही हातांनी उचलून माथ्याच्या वर धरणं. वरच्या दर्जाच्या माणसाकडून, देवाकडून किंवा बुद्धाकडून काही मिळालं की ते असं डोक्याशी नेऊन घ्यायचं, ही पद्धत. त्यातून 'नम्रपणे घेणं' हा अर्थ आला, आणि पुढे 'मिळालेलं खाणं-पिणं' हाही.

आपण देवळात तीर्थ घेतो तेव्हा ते पिऊन झाल्यावर ओला हात डोक्यावरून फिरवतो. प्रसाद हातावर पडला की तो आधी कपाळाला लावतो, मग तोंडात टाकतो. कुणी शिकवावं लागत नाही, लहानपणापासून हात आपोआप वर जातो. इतादाकु ही नेमकी तीच हालचाल आहे, फक्त जपानी माणसाने ती हातातून शब्दात नेली आणि रोजच्या प्रत्येक जेवणाला लावली. म्हणून मला कुणी विचारलं की इतादाकिमासुचं मराठी काय, तर मी 'घेतो' किंवा 'सुरू करतो' असं सांगत नाही. 'माथी लावून घेतो' असं सांगते.

इथे जपानी भाषेची एक सोय समजून घ्यायला हवी, कारण सगळा अर्थ तिच्यात दडलेला आहे. जपानीत 'खाणं' या एकाच क्रियेला माणूस पाहून वेगळी क्रियापदं लागतात. साधं 'ताबेरु', म्हणजे खाणं. समोरच्या आदरणीय माणसाने खाल्लं तर 'मेशिआगारु', त्याला वर चढवणारं. आणि आपण स्वतः खाल्लं, पण स्वतःला खाली ठेवून सांगायचं असेल तर 'इतादाकु'. मराठीत 'आपण घ्या', 'घ्यावं' अशी समोरच्याला वर चढवणारी रूपं आहेत. स्वतःला खाली उतरवणारं रोजच्या वापरातलं वेगळं क्रियापद मात्र आपल्याकडे नाही. त्यामुळे भाषांतर करताना हा उतार हरवतो. इतादाकिमासु म्हणणारा माणूस वाक्यातच एक पायरी खाली उतरतो. त्यात 'धन्यवाद' हा शब्द कुठेही नाही, तरी कृतज्ञता आहे ती या उतरण्यात.

यातूनच एक चूक होते, आणि ती मी स्वतः केली. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी शेजारच्या आजींना जेवायला बोलावलं. पोळी-भाजी, वरण-भात वाढला आणि मोठ्या उत्साहाने त्यांना म्हणाले, "इतादाकिमासु!" मला म्हणायचं होतं, 'करा सुरुवात'. आजी क्षणभर थांबल्या, मग हसून त्यांनी स्वतः हात जोडून तोच शब्द म्हटला आणि मला हळूच सांगितलं की हा शब्द खाणाऱ्याने म्हणायचा. वाढणाऱ्याने म्हणायचं ते "दोझो, मेशिआगात्ते कुदासाई", म्हणजे 'घ्या, जेवा'. आपल्याकडे 'सावकाश होऊ द्या' हे यजमान पंगतीला म्हणतो, त्या जागेवर मेशिआगात्ते येतं. इतादाकिमासु ही शुभेच्छा नाही, ती कुणाला देता येत नाही. ती स्वतःच्या बाजूने, स्वतःबद्दलच बोलायची असते.

मग प्रश्न येतो की हे कुणापुढे नमणं? कुणाकडून घेतलं म्हणून डोक्याला लावायचं?

आज जपानमध्ये कुणालाही विचारलं तर बहुधा दोन उत्तरं मिळतात. एक, ज्यांनी हे पिकवलं, पकडलं, आणलं, रांधलं त्या सगळ्यांकडून. दोन, आणि हे उत्तर लोक जरा थांबून देतात, 'इनोचि ओ इतादाकु', म्हणजे जीव घेतो. ताटातला मासा काल जिवंत होता. त्याचा जीव गेला म्हणून माझा टिकतो, तेव्हा तो जीव मी माथी लावून घेते. मी शाकाहारी आहे, आणि हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा भाग आपल्याला लागू नाही असं मला वाटलं होतं. पण इथे भाताचा दाणा, पालकाची जुडी, मुळा हे सगळं जीवांतच मोजतात. मासा खाणाऱ्याने हात जोडायचे आणि पालक खाणाऱ्याने नाही, असा फरक या शब्दाला ठाऊक नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'जीव' हा शब्द इतादाकिमासुमध्ये कुठेच नाही. शब्द एवढंच सांगतो की मी नम्रपणे घेतो. काय घेतलं आणि कुणाकडून, ही जागा त्याने मोकळी सोडली आहे, आणि जपानी लोकांनी ती वेगवेगळ्या काळात वेगवेगळं भरत नेली. अठराव्या शतकातले विद्वान मोतोओरी नोरिनागा यांचं शिंतो वळणाचं एक पद आजही काही ठिकाणी जेवणाआधी म्हणतात. त्यात धान्य आणि झाडपाला ही सूर्यदेवी आमातेरासूची कृपा आहे असा भाव आहे. म्हणजे तिथे देणारी देवता आहे. बौद्धांच्या जोदो शिनशू पंथातली होंगानजी शाखा जेवणाआधी जे म्हणते त्यात 'अनेक जीवांमुळे आणि सर्वांच्या कृपेने हे जेवण लाभलं' असं येतं. तिथे देणारे जीव आणि माणसं आहेत. एकाच शब्दाच्या मागे इतकी वेगवेगळी माणसं उभी राहू शकतात, म्हणून तो देवळात चालतो, शाळेत चालतो, आणि काहीच न मानणाऱ्या माणसाच्या एकट्याच्या स्वयंपाकघरातही चालतो. हात जोडण्याचंही तसंच. काही घरांत हात जोडतात, काही घरांत नुसती मान लववतात, काही जण फक्त शब्द उच्चारतात. जोडायचे असतील तर चॉपस्टिक्स खाली ठेवून जोडायचे, आणि शब्द झाल्यावर त्या उचलायच्या.

हा शब्द 2005 साली एका वादात सापडला, आणि तो वाद मला या सगळ्या विषयात सर्वात बोलका वाटतो. तोक्योतल्या एका रेडिओ कार्यक्रमात पत्र वाचलं गेलं. एका आईने शाळेला सांगितलं होतं की आमच्या मुलाला इतादाकिमासु म्हणायला लावू नका, आम्ही जेवणाचे पैसे भरतो. त्यावर श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडला. बहुतेकांना ते ऐकून धक्का बसला होता, पण त्या आईची बाजू घेणारेही काही जण निघाले.

मी या प्रश्नाकडे पालक म्हणून बघते, कारण शाळेच्या जेवणाचा हिशेब ठाऊक असला की त्या आईचं म्हणणं कुठे लंगडं पडतं ते दिसतं. जपानचा शालेय भोजनाचा कायदा 1954चा. त्यात खर्चाची वाटणी अशी आहे की स्वयंपाकघर, यंत्रं आणि तिथे काम करणाऱ्या माणसांचा पगार शाळा चालवणाऱ्याने, म्हणजे सरकारी शाळेच्या बाबतीत स्थानिक पालिकेने, सोसायचा. पालकांकडून घेतला जाऊ शकतो तो मुख्यतः कच्च्या मालाचा खर्च. तेव्हा भरलेली फी ही तांदूळ, भाजी आणि दुधाची. सकाळपासून ते शिजवणाऱ्या हातांची ती किंमत नव्हेच. पण हिशेबाची ही बाजू बाजूला ठेवली तरी त्या आईने शब्दाचा अर्थच वेगळा धरला होता. तिला तो 'फुकट दिल्याबद्दल उपकार' असा ऐकू आला. पैसे दिले की वस्तू आपली होते हे खरं. पण पालकाच्या जुडीला पैसे मिळत नाहीत, माशाला तर नाहीतच. माथी लावायचं ते त्यांच्यासाठी, दुकानदारासाठी नव्हे.

पुढे 2008 साली या कायद्यात बदल झाला आणि शालेय भोजनाची उद्दिष्टं नव्याने लिहिली गेली. त्यांतली दोन शेजारी शेजारी आहेत. एकात म्हटलंय की आपलं खाणं निसर्गाच्या देण्यावर उभं आहे हे मुलांना कळावं आणि जीव व निसर्ग यांचा आदर करायची वृत्ती वाढावी. दुसऱ्यात म्हटलंय की आपलं खाणं त्यासाठी झटणाऱ्या अनेक माणसांच्या कामावर टिकून आहे हे कळावं. कायद्यात इतादाकिमासु किंवा गोचिसोसामा हे शब्द नाहीत. तरी मला ती दोन कलमं वाचताना ते दोन शब्दच दिसतात.

कारण दुसरा शब्द माणसांचा आहे, अगदी सरळ. गोचिसोसामा यातला 'गो' आणि 'सामा' हे दोन्ही आदराचे, मागे-पुढे लावलेले, आपल्या 'श्री' आणि 'जी'सारखे. मधला शब्द 'चिसो'. तो दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ घोडा दौडवणं, आणि त्या अक्षराच्या डाव्या अंगाला घोडा स्पष्ट दिसतो. दुसऱ्याचा अर्थ पळणं. धावणं आणि पळणं. मराठीत हे दोन शब्द जोडले की काय होतं? धावपळ! मला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी आगगाडीत होते आणि शेजारी सांगायला कुणी मराठी माणूस नव्हता. आपणही पाहुणे यायचे म्हटलं की 'फार धावपळ झाली' असंच म्हणतो. जपानी भाषेने तीच धावपळ उचलली. पाहुण्यासाठी इकडे-तिकडे पळून जिन्नस गोळा करणं म्हणजे चिसो. मग पाहुणचार म्हणजे चिसो. मग पाहुणचारात वाढलेलं चांगलंचुंगलं जेवण म्हणजे गोचिसो. आणि जेवून उठणारा त्या पक्वान्नाला नव्हे, धावपळीला आदर जोडून म्हणतो, गोचिसोसामा.

या धावण्याला एक देवही आहे. झेन मठांच्या स्वयंपाकघरात इदातेन नावाच्या देवाची मूर्ती ठेवतात. तो फार वेगाने धावणारा म्हणून प्रसिद्ध, इतका की जपानीत वेगवान धावपटूला आजही इदातेन म्हणतात. लोककथा सांगते की बुद्धासाठी तो धावत जाऊन अन्न गोळा करून आणायचा, आणि चिसो शब्दाचा धागा तिथे जोडतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण या इदातेनचं मूळ भारतीय स्कंद मानलं जातं, म्हणजे आपला कार्तिकेय. चीनमार्गे जपानला पोचताना त्याचा मोर हरवला आणि त्याच्याकडे मठातला स्वयंपाक आला.

आता आजींकडचं जेवण सांगते, कारण हा शब्द मला तिथे खऱ्या अर्थाने कळला. माझ्या वरण-भातानंतर काही महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. ताटात काय होतं? भात, मिसो सूप, मंद शिजवलेला कबोचा म्हणजे इथला भोपळा, थंड तोफू आणि काकडीचं लोणचं. पाहिलं तर अगदी साधं. पण जपानी स्वयंपाक ठाऊक असलेल्या माणसाला त्यात काय नाही ते दिसेल. इथे सूप असो, भाजी असो, बहुतेकांच्या बुडाशी 'दाशि' नावाचं सत्त्वाचं पाणी असतं, आणि ते सहसा कात्सुओ माशाच्या सुकवलेल्या काचऱ्यांचं असतं. थंड तोफूवरही याच काचऱ्या भुरभुरतात. शाकाहारी माणूस इथे फसतो तो तुकड्यांत नाही, पाण्यात.

आजींनी मला खाऊ घालण्यासाठी ते पाणीच बदललं होतं. कोंबु नावाच्या समुद्री शेवाळ्याची वाळलेली पट्टी आदल्या रात्री थंड पाण्यात भिजत टाकली. एक लिटर पाण्याला साधारण दहा ग्रॅम, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी ते पाणी सूपला आणि कबोच्याला वापरलं. तोफूवर काचऱ्यांऐवजी किसलेलं आलं आणि कांद्याची पात. चांगला कोंबु जवळच्या दुकानात मिळाला नाही म्हणून त्या दोन स्टेशनं पलीकडे जाऊन आल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या सुनेकडून मला नंतर कळलं.

जेवून झाल्यावर मी चॉपस्टिक्स आडव्या ठेवल्या, हात जोडले आणि म्हणाले, "गोचिसोसामा देश्ता." आजी म्हणाल्या, "ओसोमात्सुसामा देश्ता." याचा शब्दशः अर्थ 'अगदीच साधंसुधं होतं'. पुस्तकात वाचलं तेव्हा मला हा शब्द उगाच स्वतःला कमी लेखणारा वाटला होता. ऐकला तेव्हा लगेच ओळखीचा वाटला. माझी आजी पाहुण्यांना पोटभर वाढून झाल्यावर दारात म्हणायची, "काही विशेष नव्हतं हो, गोड मानून घ्या." तोच सूर. मात्र हा शब्द ज्याने रांधलं त्यानेच म्हणायचा असतो. दुसऱ्याच्या हातच्या जेवणाला 'साधंसुधं' म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून हॉटेलातला वाढपी तो वापरत नाही, तो उलट 'आभारी आहोत' म्हणतो. हल्ली काही तरुण घरांतही 'ओसोमात्सु' मागे पडतोय आणि 'आवडलं ना, बरं वाटलं' असं काहीतरी येतंय.

हॉटेलात गोचिसोसामा कुठे म्हणायचं हा प्रश्न नवीन माणसाला पडतो. टेबलावर हळू आवाजात म्हटलं तरी चालतं, पण लोक जास्त करून म्हणतात ते बाहेर पडताना, गल्ल्यापाशी किंवा काउंटरच्या आतल्या आचाऱ्याकडे बघून. रामेनच्या छोट्या दुकानात लोक वाटी काउंटरवर वर ठेवतात, समोरचा भाग फडक्याने पुसतात आणि गोचिसोसामा म्हणत निघतात. पैसे अनेकदा आधीच यंत्रात टाकून झालेले असतात. देवघेव संपलेली आहे, आणि म्हणूनच तो शब्द मला तिथे जास्त लागतो.

आणखी एक वापर आहे ज्याला मराठीत जोड नाही. ऑफिसात वरिष्ठाने जेवणाचं बिल भरलं, तर हा शब्द त्याला उद्देशून म्हणतात, जरी त्याने काहीच रांधलेलं नसलं तरी. इथे धावपळ नाही, पण कुणीतरी माझ्यासाठी झीज सोसली हे आहेच. आणि एवढ्यावर थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस दिसला की पहिलं वाक्य असतं, "किनो वा गोचिसोसामा देश्ता." कालच्या जेवणाबद्दल. काल टेबलावर म्हटलं, दारात म्हटलं, तरी आज पुन्हा म्हणायचं. हे न म्हटल्याने कुणी भांडत नाही, पण माणूस मनात नोंद घेतो. मी हे सुरुवातीला दोनदा चुकवलं, आणि एका सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा कळलं की इथे रात्र मध्ये गेली म्हणून आभार संपत नाहीत.

आजींच्या जेवणानंतर मी ते चुकवलं नाही. सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला खाली उतरले तर त्या तिथेच होत्या, हातात झाडू. मी वाकून म्हणाले, "किनो वा गोचिसोसामा देश्ता." कोंबुबद्दल तोवर मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाणी चाललं ना तुला?"

दर शुक्रवारी ज्यांची पाळी संपते ती मुलं तो पांढरा डगला पिशवीत घालून घरी आणतात. तो धुऊन, वाळवून, इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलासाठी परत द्यायचा असतो. माझी मुलगी आता चौथीत आहे आणि इस्त्री स्वतः करते. गेल्या रविवारी बाही दुमडताना तिने सांगितलं की या आठवड्यात भाताचं भांडं तिच्याकडे होतं आणि तीस वाट्या भरताना मनगट दुखलं. मग तिने डगला घडी करून पिशवीत ठेवला आणि जेवायला आली. ताटात पोळी आणि पालकाची भाजी होती. मी बसेपर्यंत ती थांबली.